एकशे चौतीस टक्के: हिशेब चुकलेला नाही

सर्वेक्षणाचा तक्ता हाती आला की आधी टक्क्यांची बेरीज करायची, आणि ती शंभराच्या वर गेली की अहवाल बाजूला सारायचा, अशी सवयच पडून गेली आहे. "शंभरातून एकशे चौतीस कसे निघतील?" हा सवाल ऐकायला बिनतोड वाटतो. भर बैठकीत कुणी तो टाकला की तक्ता मांडणारा गडबडतो, तळटीप शोधू लागतो, आणि ती सापडेपर्यंत अहवालावरचा विश्वास उडालेला असतो. मग कुणीतरी समजूतदारपणे सुचवतो, "आकडे जरा शंभरात बसवून घ्या." या सवालाला आणि या सूचनेला दोहोंनाही माझा विरोध आहे. चूक तक्त्यात नाही, विचारणाऱ्याच्या बेरजेत आहे. आणि त्या चुकीची किंमत मोजतात ती गंधवानीसारख्या तालुक्यातली कुटुंबं, ज्यांनी दारात आलेल्या माणसाला खरं होतं तेवढं सगळं सांगितलं.

आधी मूळ आकडे पाहू. 2015-16 साली चौथं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. आरोग्य मंत्रालयासाठी हे काम मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. देशभरातल्या सहा लाखांवर कुटुंबांच्या मुलाखती झाल्या. त्यात एक प्रश्न असा होता: घरात कुणी आजारी पडलं तर साधारणपणे उपचाराला कुठे जाता? सुमारे 55 टक्के कुटुंबं साधारणपणे सरकारी दवाखान्यात जात नाहीत असं आढळलं. या कुटुंबांना पुढे विचारलं, का जात नाही? 48 टक्क्यांनी उपचारांचा दर्जा चांगला नसल्याचं सांगितलं, 45 टक्क्यांनी जवळ सरकारी दवाखाना नसल्याचं, 41 टक्क्यांनी फार वेळ ताटकळावं लागत असल्याचं. ही तीनच कारणं झाली, आणि बेरीज आली 134. दवाखान्याच्या गैरसोयीच्या वेळा, कर्मचारी हजर नसणं ही कारणं त्यापुढे वेगळीच.

आता हा प्रश्न दारात कसा विचारला जातो ते बघा, कारण सगळं उत्तर तिथेच आहे. प्रश्नावलीत काही प्रश्नांच्या पर्यायांपुढे 1, 2, 3 असे अंक छापलेले असतात आणि काहींच्या पर्यायांपुढे ए, बी, सी अशी अक्षरं. अंक असले तर एकच उत्तर नोंदवायचं. अक्षरं असली तर उत्तरदाता जेवढी कारणं सांगेल तेवढी सगळी नोंदवायची, आणि तो थांबला की "आणखी काही?" असं विचारायचं. दवाखान्यात न जाण्याच्या कारणांचा प्रश्न अक्षरांचा आहे. प्रश्न करणाऱ्यांनी तो मुद्दाम तसा केला आहे.

गंधवानी हा धार जिल्ह्यातला तालुका. वस्ती मुख्यतः भिल्ल आणि भिलाला समाजाची, गावं फलियांमध्ये विखुरलेली, एका फलियापासून दुसरा फलिया शेतं ओलांडून. अशा फलियातली बाई सांगते, "दवाखाना लांब आहे, आणि एवढं चालून गेलं तरी डॉक्टर भेटेलच असं नाही." हे एक वाक्य आहे आणि त्यात दोन कारणं आहेत. मुलाखत घेणारा दोन अक्षरांना गोल करतो. बाईने एकदाच उत्तर दिलं, घर एकच मोजलं गेलं, पण ते घर तक्त्याच्या दोन ओळींत आलं. अंतराच्या ओळीत ते एक घर आहे आणि कर्मचाऱ्यांच्या ओळीतही तेच एक घर आहे. दोन ओळींची बेरीज करणारा त्याच घराला दोनदा मोजतो, आणि मग विचारतो की जास्तीची घरं आली कुठून.

म्हणजे तक्त्याची प्रत्येक ओळ हा एक स्वतंत्र प्रश्न आहे. शंभर कुटुंबांपैकी किती जणांनी अंतराचं कारण सांगितलं, आणि किती जणांनी सांगितलं नाही? सांगितलेले 45, न सांगितलेले 55. शंभर पूर्ण झाले. दर्जाचं कारण सांगितलेले 48, न सांगितलेले 52. पुन्हा शंभर पूर्ण. शंभराचा नियम इथे कुठेही मोडलेला नाही, तो फक्त आडव्या दिशेने लागू आहे. आक्षेप घेणारा तो उभ्या दिशेने लावतो.

उभी बेरीज निरर्थक असते असंही मी म्हणत नाही. तिला अर्थ आहे, फक्त तो वेगळा आहे. एकूण नोंदलेल्या कारणांना कुटुंबांच्या संख्येने भागलं की दर कुटुंबामागे सरासरी किती कारणं आली ते कळतं, आणि टक्क्यांची उभी बेरीज म्हणजे हीच सरासरी गुणिले शंभर. 134 म्हणजे या तीन कारणांपैकी सरासरी 1.34 कारणं दर कुटुंबामागे. त्यातून आणखीही एक गोष्ट निघते, जी मूळ माहिती हाती नसताना नुसत्या छापील तक्त्यावरून सिद्ध करता येते. तीन कारणांत एका कुटुंबाची जास्तीत जास्त तीन उत्तरं होऊ शकतात. शंभर कुटुंबांनी एकेक कारण सांगितलं असतं तर बेरीज शंभर झाली असती. वरचे 34 कुठून तरी यायला हवेत, आणि एक कुटुंब त्यात फार तर दोनाची भर घालू शकतं. तेव्हा शंभरांपैकी किमान 17 कुटुंबांनी एकाहून जास्त कारणं सांगितली आहेत, हे ठाम. प्रत्यक्षात ती संख्या बरीच जास्त असू शकते, कमी असू शकत नाही. ज्या बेरजेला आक्षेपक चुकीचा पुरावा मानतो तिच्यातून, लोकांच्या अडचणी एकावर एक रचलेल्या आहेत, याची खात्रीची माहिती मिळते.

धार-देवासकडच्या मराठी वाचकाला हे घरच्या अनुभवावरून पटायला हवं. पवारांच्या संस्थानांबरोबर इकडे आलेल्या घरांत मराठी बोलतात, बाजारात माळवी चालते, कचेरीत हिंदी. 2011 च्या जनगणनेत मातृभाषा एकच लिहायची होती, म्हणून मातृभाषांच्या टक्क्यांची बेरीज शंभर येते. पण त्यापुढे येत असलेल्या आणखी दोन भाषांपर्यंत नोंदवायच्या होत्या. देशातले सुमारे 26 टक्के लोक दोन किंवा अधिक भाषा जाणणारे निघाले आणि सुमारे 7 टक्के तीन भाषा जाणणारे. 'ही भाषा येते' असं सांगणाऱ्यांचे टक्के सगळ्या भाषांसाठी काढून बेरीज केली तर ती 133 च्या आसपास जाते. म्हणून देशात माणसं जास्त मोजली गेली, असं कुणी म्हणत नाही. एका माणसाला दोन भाषा येऊ शकतात हे आपण सहज मान्य करतो. मग एका घराला दवाखान्यापासून दूर ठेवणारी दोन कारणं असू शकतात, हे मान्य करायला अडचण काय आहे?

आता त्या दुसऱ्या, समजूतदार सूचनेकडे येतो. ती जास्त घातक आहे, कारण ती अहवाल फेटाळत नाही, दुरुस्त केल्याचा आव आणते. "प्रत्येक आकड्याला एकूण बेरजेने भागा, म्हणजे सगळं शंभरात येईल." हे काय करतं ते एका उदाहरणावर पूर्ण करून दाखवतो. उदाहरण कल्पित आहे, पण गंधवानीच्या कुठल्याही फलियात शोभेल असं.

समजा, सरकारी दवाखान्यात न जाणारी दहा घरं आहेत. पहिलं, पाचवं आणि आठवं घर म्हणतं, दवाखाना लांब आहे आणि कर्मचारी हजर नसतात. दुसरं घर फक्त अंतर सांगतं. तिसरं आणि नववं म्हणतं, उपचार नीट होत नाहीत आणि फार ताटकळावं लागतं. चौथं या दोन्ही कारणांबरोबर कर्मचारी नसल्याचंही सांगतं. सहावं फक्त उपचारांबद्दल बोलतं. सातवं ताटकळणं आणि कर्मचारी, दहावं उपचार आणि कर्मचारी. आता मोजा. अंतर 4 घरांनी सांगितलं, कर्मचारी हजर नसणं 6 घरांनी, उपचारांचा दर्जा 5 घरांनी, ताटकळणं 4 घरांनी. दहा घरांतून 19 कारणं आली. टक्के झाले 40, 60, 50 आणि 40, बेरीज 190.

आता 'दुरुस्ती' करा. कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीचे 6 भागिले 19, म्हणजे सुमारे 32 टक्के. दर्जाचे 26, अंतर आणि ताटकळण्याचे 21-21. बेरीज शंभर, तक्ता देखणा. आणि आता जिल्ह्याच्या बैठकीत वाचलं जातं, "कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीची तक्रार 32 टक्के कुटुंबांची आहे." दहातल्या सहा घरांनी ती तक्रार केली होती. दहात सहा म्हणजे बहुमत. दुरुस्त तक्त्यात ती जेमतेम एक तृतीयांश झाली. तीन घरांनी जे स्वतःच्या तोंडाने सांगितलं ते कागदावरून नाहीसं झालं, आणि तेही हिशेब नीटनेटका दिसावा म्हणून.

इथे छेद बदलला आहे. आधी छेदात कुटुंबं होती, आता कारणं आहेत. 'एकूण तक्रारींपैकी 32 टक्के तक्रारी गैरहजेरीच्या' हे विधान खरं आहे, आणि तसंच म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही. पण दवाखान्यात तक्रारी येत नाहीत, माणसं येतात. आरोग्य विभागाला जाणून घ्यायचं असतं की किती घरांना ही अडचण आहे. त्या प्रश्नाचं उत्तर 60 आहे.

या दुरुस्तीतला याहून मोठा दोष पुढच्या वर्षी कळतो. समजा, पुढच्या फेरीत प्रश्नावलीत 'औषधं मिळत नाहीत' हा आणखी एक पर्याय घातला, आणि त्याच दहा घरांतल्या पाचांनी आधीच्या कारणांबरोबर तेही सांगितलं. एकूण कारणं झाली 24. गैरहजेरीची तक्रार करणारी घरं अजूनही तीच सहा आहेत, एकाचंही मत बदललेलं नाही. पण 6 भागिले 24 म्हणजे 25 टक्के. 32 वरून 25. कुणीतरी अभिमानाने सांगेल की गैरहजेरी सात अंकांनी घटली. घटलं काहीच नाही, फक्त यादी लांबली. कुटुंबांच्या छेदावर तो आकडा पहिल्या वर्षी 60 होता, दुसऱ्या वर्षीही 60 आहे. यादीतल्या शेजारच्या पर्यायामुळे ज्याची किंमत बदलते, तो आकडा दोन वर्षांची तुलना करायला कामाचा नाही.

याच दहा घरांवर आणखी एक नेहमीची चूक दाखवता येते. अंतर 40 टक्के आणि गैरहजेरी 60 टक्के, म्हणून या दोन गोष्टी सुधारल्या तर शंभर टक्के घरांची अडचण मिटेल, असा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात अंतर किंवा गैरहजेरी यांपैकी निदान एक कारण सांगणारी घरं सातच आहेत, कारण तीन घरं दोन्हींत आहेत. तिसरं, सहावं आणि नववं घर या दोन्हींत नाही. त्यांची तक्रार उपचारांची आणि ताटकळण्याची आहे. नुसत्या टक्क्यांवरून एवढंच म्हणता येतं की अंतर किंवा गैरहजेरी सांगणारे 60 ते 100 टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी आहेत. नेमका आकडा हवा तर कोणत्या घराने कोणती कारणं एकत्र सांगितली, ते मूळ नोंदीत जाऊन मोजायला हवं. म्हणूनच अशा प्रश्नाची नोंद ठेवताना प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र रकाना देतात, आणि त्यात 'सांगितलं' असेल तर 1, नसेल तर 0 भरतात. सगळी कारणं एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन कोंबली की ही मोजणी पुढे जिवावर येते आणि कुणी करत नाही.

छेदाचा विषय निघाला आहे तर आणखी एक गफलत इथेच सांगतो. 'भारतातली 48 टक्के कुटुंबं सरकारी उपचारांच्या दर्जावर नाराज' असं वाक्य सहज लिहिलं जातं. पण 48 टक्के हे सरकारी दवाखान्यात न जाणाऱ्या कुटुंबांतले आहेत. न जाणारी एकूण 55 टक्के. 55 च्या 48 टक्के म्हणजे सगळ्या कुटुंबांच्या सुमारे 26 टक्के. जे सरकारी दवाखान्यात जातात त्यांना हा प्रश्न विचारलाच गेला नाही, तेव्हा त्यांच्या वतीने तक्ता काहीही बोलत नाही. बेरीज शंभराच्या वर गेल्याचा आरडाओरडा करणाऱ्यांपैकी कुणी या चुकीकडे बोट दाखवताना मी फारसं पाहिलेलं नाही, आणि नुकसान हिने जास्त होतं.

आक्षेपाला निमित्त मिळतं यात आमच्या बाजूचाही दोष आहे. बहुउत्तरी प्रश्नाचे टक्के वर्तुळाच्या फाकांत काढून छापले तर वाचणाऱ्याने ते शंभराचे भाग मानले, यात त्याची चूक नाही. वर्तुळ हे एका पूर्णाचे वाटे दाखवण्यासाठीच असतं. 2009 साली अमेरिकेत फॉक्सच्या शिकागोतल्या वाहिनीने अध्यक्षपदाच्या संभाव्य उमेदवारांना असलेला पाठिंबा असाच वर्तुळात दाखवला होता: पेलिन 70, हकाबी 63, रॉम्नी 60. एकूण 193 टक्के, आणि तीन फाका मिळून एक वर्तुळ. एका मतदाराला तिघांनाही पाठिंबा देण्याची मुभा असली तर हे तीनही आकडे बरोबर असू शकतात. चुकीचं होतं ते चित्र. अशा उत्तरांसाठी एकाखाली एक आडव्या पट्ट्या काढाव्यात, प्रत्येक पट्टी शून्यापासून शंभरापर्यंतच्या स्वतःच्या मापावर. खाली 'एकूण' ही ओळ छापूच नये. तळटीप शेवटच्या पानावर न ढकलता मथळ्यातच लिहावं की एकाहून जास्त उत्तरं घेतली आहेत आणि टक्के कोणत्या कुटुंबांचे आहेत.

शंभराच्या वर गेलेली प्रत्येक बेरीज निर्दोष असते, असं समजून चालणार नाही. एकच उत्तर घ्यायच्या प्रश्नाची बेरीज 99 किंवा 101 आली तर ती पूर्णांक करण्याची तफावत आहे, ते सोडून द्यावं. पण त्याच प्रश्नाची बेरीज 112 आली तर गडबड नक्की आहे: कुणीतरी अंकांच्या प्रश्नात दोन गोल केले, किंवा टॅबवरच्या फॉर्ममध्ये एकच पर्याय निवडता येण्याऐवजी अनेक निवडता येतील अशी मांडणी झाली. बहुउत्तरी प्रश्नातही एक चूक हमखास सापडते. 'कोणतंही कारण नाही' या पर्यायाला गोल आहे आणि त्याच घरात आणखी दोन कारणांनाही गोल आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. अशी नोंद परत त्या घरी जाऊन तपासावी लागते.

आता सर्वांत सबळ आक्षेप. "एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक कुटुंबाला एकच मुख्य कारण विचारा. बेरीज शंभर येईल, प्राधान्यही ठरेल." या म्हणण्यात तथ्य आहे. पैसा एकाच कामाला पुरणार असेल तर लोकांच्या लेखी सर्वांत मोठी अडचण कोणती हे कळायलाच हवं, आणि अनेक उत्तरं घेतली की जाता जाता सांगितलेलं कारण आणि जिवावर बेतलेलं कारण एकाच मापाने मोजलं जातं. ही बहुउत्तरी प्रश्नाची खरी मर्यादा आहे, ती मला मान्य आहे.

पण एकच कारण विचारलं की काय हातचं जातं ते त्याच दहा घरांत पाहा. अंतराचं कारण सांगणाऱ्या चारही घरांचं मुख्य कारण अंतर आहे असं धरू, कारण दवाखाना गाठणंच मुश्कील असेल तर बाकीचं पुढचं. उपचारांची तक्रार असलेल्या पाचही घरांचं मुख्य कारण उपचार. सातव्या घराचं ताटकळणं. टक्के आले 40, 50, 10, बेरीज बरोबर शंभर. आणि कर्मचाऱ्यांची गैरहजेरी? शून्य. दहातल्या सहा घरांनी सांगितलेली, सगळ्यांत जास्त पसरलेली अडचण एकाही घराची 'मुख्य' अडचण नाही, म्हणून तक्त्यात ती औषधालाही उरली नाही. प्रत्येक घरात ती दुसऱ्या क्रमांकावर उभी आहे. नवी इमारत बांधण्यापेक्षा हजेरी लावून घेणं कितीतरी स्वस्त आणि लवकर होणारं काम, पण हा तक्ता वाचणाऱ्याला ते करायचं सुचणारच नाही. फलियाजवळ नवं उपकेंद्र बांधलं जाईल आणि तिथेही कुणी हजर नसेल.

शिवाय 'मुख्य' कोणतं हे ठरवायचं कुणी? बाईने एका दमात दोन कारणं सांगितली. मुलाखत घेणारा हिंदीत विचारतो, ती भिलालीत बोलते, मधे शेजारचा कुणी अर्थ सांगतो. "यातलं मोठं कोणतं?" असं न विचारता त्याने पहिलं ऐकलेलं कारण नोंदवलं, तर तक्त्यात आलेला आकडा लोकांच्या प्राधान्याचा नाही, बोलण्याच्या क्रमाचा आहे. एकच उत्तर घेतल्याने गुंता सुटत नाही. तो दारातच, कुणाच्या नजरेला न पडता, एका माणसाच्या मर्जीने सोडवला जातो. बहुउत्तरी तक्त्यात निदान गुंता समोर दिसतो.

प्राधान्य हवंच असेल तर सरळ रस्ता आहे. आधी सगळी कारणं नोंदवा, मग ती त्या कुटुंबाला परत ऐकवा आणि विचारा, यातलं सगळ्यांत मोठं कोणतं? दोन प्रश्न, दोन तक्ते. पहिल्याची बेरीज 190 येईल, दुसऱ्याची 100. पहिला तक्ता सांगेल अडचण किती पसरली आहे, दुसरा सांगेल ती कुठे सर्वांत जास्त टोचते. दर मुलाखतीला अर्धा मिनिट जास्त लागेल. प्रश्नावली लांबते ही तक्रार मी समजू शकतो, पण तेवढ्यासाठी पहिला प्रश्न गाळणं मला पटत नाही.

बेरीज शंभराच्या वर जाऊ देण्याला भिऊ नये, याचं एक कारण थेट कामाच्या तपासणीशी जोडलेलं आहे. घरी गेल्यावर पर्याय वाचून दाखवायचे नसतात, लोकांनी आपणहून सांगायचं असतं. वाचून दाखवले की लोक "हो, तेही" म्हणत जातात आणि सगळे टक्के फुगतात. उलट "आणखी काही?" विचारायचा कंटाळा केला की ते घसरतात. दोन्ही चुका एकट्या मुलाखतीकडे पाहून ओळखू येत नाहीत, पण प्रत्येक मुलाखतकाराची सरासरी काढली की उघड्या पडतात. समजा, एकाच भागात काम करणाऱ्या पाच जणांपैकी चौघांची सरासरी दर घरामागे दीड ते दोन कारणं आहे, आणि पाचव्याची प्रत्येक घरात बरोबर एक. त्याच्या तक्त्याची बेरीज नेमकी शंभर येईल, सगळ्यांत नीटनेटकी. पर्यवेक्षकाने सर्वांत आधी त्याच्याच घरांना पुन्हा भेट द्यायला हवी. एखाद्याची सरासरी साडेतीन आली तर तोही तपासायचा, कारण बहुधा तो यादी वाचून दाखवतो आहे.

म्हणून ज्यांना बेरीज शंभरच हवी आहे त्यांच्याकडे माझी मागणी आहे की तक्ता बाद करण्याआधी तीन गोष्टी विचारा: उत्तर एक घेतलं की अनेक, टक्के नेमक्या कोणत्या कुटुंबांचे आहेत, आणि दर कुटुंबामागे सरासरी किती उत्तरं आली. ही तिन्ही माहिती तक्त्याबरोबर छापलेली नसेल तर अहवालावर जरूर तुटून पडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण ती छापलेली असेल तर 134 ला हात लावू नका.